मोठा जिल्हा, थोडी कुटुंबे : लघुक्षेत्रीय आकलनाचा इतिहास आणि कोल्हापूरचे उदाहरण

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४८ ते १९५२ या काळात कोल्हापूर शहराच्या सामाजिक पाहणीचे खंड प्रसिद्ध केले. ना. वि. सोवनी यांच्या नावावर असलेल्या या पाहणीचा विषय कोल्हापूर शहर हाच होता. तिच्यातील कुटुंबे कोल्हापूरविषयी बोलण्यासाठीच निवडलेली होती, आणि म्हणून तिचे निष्कर्ष शहरापुरते तपासून पाहणे शक्य होते. त्याच सुमारास, म्हणजे ऑक्टोबर १९५० मध्ये, प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रेरणेने राष्ट्रीय नमुना पाहणीच्या पहिल्या फेरीस प्रारंभ झाला. या पाहणीत देशातील गावे निवडली जात, त्या गावांतून काही कुटुंबे निवडली जात, आणि त्यांच्या आधारे देशाचे, पुढे राज्यांचे, आकडे मांडले जात. कोल्हापूर जिल्ह्यातील काही कुटुंबे अशा पाहणीत येतात खरी. परंतु ती येतात ती महाराष्ट्राच्या आकड्याला हातभार लावण्यासाठी. त्यांच्याकडून कोल्हापूरचा आकडा मागितला तर काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ संख्याशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा नाही. महाराष्ट्रात विकासाचा अनुशेष जिल्हावार मोजण्याची परंपरा आहे. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये नेमलेल्या सत्यशोधन समितीने १९८४ च्या अहवालात नऊ क्षेत्रांतील अनुशेष जिल्ह्याजिल्ह्याने दाखविला. रस्ते किती, सिंचन किती, शाळा किती, हे सरकारी दप्तरातून मिळते. परंतु किती कुटुंबांवर सावकाराचे कर्ज आहे, किती कुटुंबांना संस्थेचे कर्ज मिळते, घरखर्च किती होतो, याची नोंद कोणतेही दप्तर ठेवीत नाही. ती माहिती घरोघर जाऊन विचारावी लागते. जिल्ह्याला जी कुटुंबे नमुन्यात मिळतात त्यांच्यावरच तेव्हा सारी भिस्त राहते.

अशा पाहणीचे जुने व मोठे उदाहरण म्हणजे १९५१-५२ ची अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या मार्गदर्शक समितीत अ. दि. गोरवाला यांच्यासमवेत धनंजयराव गाडगीळ होते. पाहणीसाठी ७५ जिल्हे व ६०० गावे निवडण्यात आली; म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी आठ गावे आली. एकंदर १,२७,३४३ कुटुंबांची माहिती गोळा झाली. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के आहे, हा तिचा निष्कर्ष सर्वश्रुत आहे आणि पुढील सहकारी धोरणाचा पाया त्यावर घातला गेला. देशाच्या पातळीवर हा आकडा बळकट होता. परंतु आठ गावांच्या आधारे एका जिल्ह्याविषयी किती खात्रीने बोलावे, हा प्रश्न मागे उरला. आणि जे जिल्हे निवडलेच गेले नाहीत त्यांच्याविषयी तर नमुना संपूर्ण मूक होता.

येथे एक गैरसमज आरंभीच दूर करणे आवश्यक आहे. जिल्हा राज्याहून लहान असल्यामुळे त्याला नमुनाही लहान पुरेल, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. अंदाजाची अचूकता लोकसंख्येच्या कितव्या भागाची पाहणी झाली यावर जवळजवळ अवलंबून नसते. किती कुटुंबांची झाली, यावर ती अवलंबून असते. महाराष्ट्राचा आकडा विशिष्ट अचूकतेने हवा असेल आणि त्याला तीन हजार कुटुंबे लागत असतील, तर कोल्हापूरचा आकडा तितक्याच अचूकतेने देण्यास कोल्हापुरातही जवळजवळ तितकीच कुटुंबे लागतील. २०११ च्या जनगणनेच्या वेळी राज्यात ३५ जिल्हे होते. त्यांपैकी मुंबई शहर व मुंबई उपनगर वगळता ग्रामीण भाग असलेले ३३. म्हणजे प्रत्येक जिल्ह्याचा स्वतंत्र आकडा हवा असेल तर पाहणीचा व्याप व खर्च तेहतीसपट करावा लागेल. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६८ व्या फेरीत (जुलै २०११ ते जून २०१२) उपभोगखर्चाच्या चौकशीसाठी सबंध देशात १,०१,६६२ कुटुंबे घेतली होती. देशाच्या सहाशेहून अधिक जिल्ह्यांत ती विभागली, तर प्रत्येकाच्या वाट्यास सरासरी दीडशेच्या आसपास कुटुंबे येतात, आणि त्यांत ग्रामीण व नागरी अशी दोन्ही येतात.

आता कोल्हापूरचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. जिल्ह्यात बारा तालुके व सुमारे बाराशे गावे आहेत. पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर गगनबावडा आहे. तेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि डोंगरउतारावर भात व नाचणी पिकते. पूर्वेस कृष्णा-पंचगंगेच्या काठी शिरोळ आहे. तेथे पाऊस पाचशे मिलिमीटरांच्या आसपास, पण नदीच्या पाण्यावर उसाचे मळे उभे आहेत. समजा, या जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून सोळा गावे लोकसंख्येच्या प्रमाणात यदृच्छया निवडली आणि प्रत्येक गावातून आठ कुटुंबे घेतली. एकूण १२८ कुटुंबे झाली. गगनबावडा तालुक्याची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ३६ हजार, म्हणजे जिल्ह्याच्या ग्रामीण लोकसंख्येच्या दीड टक्क्याहूनही कमी होती. अशा निवडीत दहांपैकी आठ वेळा गगनबावड्याचे एकही गाव नमुन्यात येणार नाही. आणि ज्या वेळी एखादे येईल त्या वेळी ते एकटेच सोळाव्या हिश्शाने जिल्ह्याच्या आकड्यावर भार टाकील.

या १२८ कुटुंबांकडून पुढील गोष्ट जाणून घ्यावयाची आहे असे मानू : सहकारी संस्थेचे अथवा बँकेचे कर्ज असलेल्या ग्रामीण कुटुंबांचे प्रमाण किती? या उदाहरणातील येथून पुढचे आकडे केवळ हिशेब स्पष्ट व्हावा म्हणून घेतलेले आहेत. ते कोल्हापूरच्या कोणत्याही प्रत्यक्ष पाहणीचे नाहीत. समजा, नमुन्यात हे प्रमाण ६० टक्के आले. साध्या यादृच्छिक नमुन्याचे सूत्र लावले तर प्रमाणत्रुटी सुमारे ४.३ टक्के येते. परंतु हा हिशेब फसवा आहे, कारण १२८ कुटुंबे ही १२८ स्वतंत्र साक्षी नव्हेत. ज्या गावातील विकास सेवा संस्था नीट चालते तेथे आठांपैकी सहा-सात घरांत कर्ज आढळते. जेथील संस्था थकबाकीत बुडाली आहे तेथे एखाद्याच घरी आढळते. एका गावातील आठ कुटुंबे बऱ्याच अंशी एकच गोष्ट आठ वेळा सांगतात. गावांतर्गत सहसंबंध ०.२ धरला तर प्रचरण १ + ७ × ०.२ म्हणजे २.४ पटींनी वाढते. १२८ कुटुंबांचे मोल त्यामुळे सुमारे ५३ स्वतंत्र कुटुंबांइतके राहते, आणि प्रमाणत्रुटी ६.७ टक्के होते. म्हणजे खरे प्रमाण ४७ ते ७३ टक्के यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. निम्म्याहून कमी कुटुंबांना संस्थात्मक कर्ज मिळते की जवळजवळ तीन चतुर्थांश कुटुंबांना, याचा निर्णय या नमुन्यातून लागत नाही. केवळ जिल्ह्यातील नमुन्यावर उभारलेल्या अशा अंदाजास प्रत्यक्ष आकलन म्हणतात. त्यात अभिनती नाही, म्हणजे ते नेमाने एकाच बाजूस झुकत नाही. पण ते इतके हेलकावे खाते की त्यावर निर्णय घेणे धोक्याचे ठरते.

या अडचणीशी भारतीय संख्याशास्त्राची ओळख कुटुंबांपेक्षा पिकांच्या निमित्ताने अधिक आधी झाली. जुन्या महसुली व्यवस्थेत पिकाचा अंदाज आणेवारीने होई : पीक सोळा आण्यांपैकी किती आणे आहे हे गावकामगार नजरेने ठरवी, आणि त्यावरून उत्पन्न काढले जाई. नजरेचा अंदाज स्वस्त व सर्वत्र उपलब्ध असे, पण तो एका बाजूस झुकलेला असे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत १९४० नंतर यादृच्छिक पीककापणीची पद्धत उभी केली. तालुके हे स्तर मानून त्यांतून गावे, गावांतून शेते व शेतातून मोजका तुकडा निवडावयाचा आणि त्यातील पीक कापून वजन करावयाचे, अशी ही पद्धत होती. तिने जिल्ह्याचा आकडा विश्वासार्ह झाला. पण लगेच मागणी पुढे सरकली. जिल्ह्याखालच्या विकासगटाचा आकडा हवा झाला, आणि तेथे कापणीचे प्रयोग मूठभरच होते.

विनायक गोविंद पानसे यांनी राजगोपालन व पिल्ले यांच्यासह १९६६ मध्ये लहान क्षेत्रांतील पीक-उत्पन्नाच्या आकलनावर निबंध प्रसिद्ध केला. त्यामागील विचार ध्यानात घेण्यासारखा आहे. नजरेचा अंदाज टाकून न देता तो पुष्कळ शेतांवर घ्यावा, प्रत्यक्ष कापणी थोड्या शेतांवर करावी, आणि दोहोंतील संबंध जाणून घेऊन लहान क्षेत्राचा आकडा काढावा. जी आणेवारी एकेकाळी मापनाच्या जागी बसली होती, तिला आता मापनाची साहाय्यक म्हणून वापरण्याचा हा मार्ग होता. स्वस्त पण सदोष माहिती सर्वत्र, महाग पण निर्दोष माहिती थोड्या ठिकाणी, आणि या दोहोंना जोडणारा संबंध : प्रतिमानाधिष्ठित आकलनाची ही तिन्ही अंगे येथे उपस्थित आहेत.

अमेरिकेत हाच विचार थोडा आधी दुसऱ्या वाटेने आला होता. १९४५ मध्ये तेथील जनगणना विभागाने रेडिओ ऐकणाऱ्यांची पाहणी केली. सुमारे ५०० परगण्यांत टपालाने प्रश्नावली पाठविण्यात आली, पण उत्तरे फार थोड्यांनी, सुमारे पाचांपैकी एकाने, दिली. म्हणून ८५ परगण्यांत प्रत्यक्ष मुलाखती घेऊन टपाली उत्तर व प्रत्यक्ष उत्तर यांतील समाश्रयण काढले गेले, आणि त्याच्या साहाय्याने उरलेल्या परगण्यांचे आकडे दुरुस्त करण्यात आले. पुढे १९६८ मध्ये तेथील आरोग्य-संख्याशास्त्र केंद्राने राज्यवार अपंगत्वाचे अंदाज अधिकच सोप्या रीतीने काढले. वय, लिंग, उत्पन्न इत्यादींनी ठरणाऱ्या प्रत्येक गटाचे राष्ट्रीय प्रमाण घ्यावयाचे, आणि राज्यात त्या गटाचे जितके लोक असतील त्या मानाने ते एकत्र करावयाचे. यास संश्लेषित आकलन असे नाव मिळाले. त्यात हेलकावे जवळजवळ नाहीत. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे : सारख्या वयाचा व सारख्या उत्पन्नाचा माणूस सर्वत्र सारखाच असतो. कोल्हापूरच्या भाषेत सांगावयाचे तर, शिरोळमधील दोन एकरांचा शेतकरी आणि विदर्भातील दोन एकरांचा शेतकरी यांना संस्थेचे कर्ज मिळण्याची शक्यता समान मानावी लागते. जिल्ह्याचे स्वतःचे वेगळेपण अशा आकलनात पूर्णपणे पुसले जाते, आणि नमुना कितीही वाढविला तरी ही चूक कमी होत नाही.

एकीकडे हेलकावे खाणारा पण निःपक्ष साक्षीदार, दुसरीकडे स्थिर पण पूर्वग्रहदूषित साक्षीदार, अशी ही परिस्थिती होती. दोघांपैकी एकाला निवडणे आवश्यकच आहे काय, याचे उत्तर सैद्धांतिक संख्याशास्त्रातून आले. चार्ल्स स्टाइन यांनी १९५६ मध्ये आणि जेम्स व स्टाइन यांनी १९६१ मध्ये असे दाखविले की तीन किंवा अधिक सरासरींचा एकदम अंदाज करावयाचा असेल, तर प्रत्येकीचा स्वतंत्र अंदाज करण्यापेक्षा सर्वांना एका ठरलेल्या बिंदूकडे थोडे ओढून घेतल्यास एकंदर वर्गित चूक कमी होते. हा निष्कर्ष त्या काळी अनेकांस विचित्र वाटला. त्याचा सरकारी हिशेबात उपयोग होण्यास मात्र एक निकड उद्भवावी लागली.

ती निकड १९७२ च्या अमेरिकी महसूल-वाटप कायद्याने निर्माण केली. या कायद्यान्वये सुमारे ३९ हजार स्थानिक संस्थांना केंद्रीय निधी वाटावयाचा होता, आणि वाटपाच्या सूत्रात दरडोई उत्पन्न होते. उत्पन्नाचा प्रश्न १९७० च्या जनगणनेत केवळ वीस टक्के कुटुंबांना विचारलेला होता. पाचशे वस्तीच्या गावासाठी अंदाजाची सापेक्ष त्रुटी सुमारे १३ टक्के, तर शंभर वस्तीच्या गावासाठी सुमारे ३० टक्के येई. प्रारंभी पाचशेहून कमी वस्तीच्या गावांना सबंध परगण्याचे उत्पन्न लावण्यात आले. म्हणजे संश्लेषित आकलनाचाच तो एक ढोबळ प्रकार होता. रॉबर्ट फे व रॉजर हेरिअट यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात यावर तोडगा मांडला. परगण्याचे उत्पन्न, प्राप्तिकराच्या विवरणांतील उत्पन्न व घरांच्या किमती यांवरून समाश्रयणाने प्रत्येक गावाचा एक अंदाज काढावयाचा. गावातील नमुन्याचा दुसरा. आणि दोघांची सांगड घालावयाची. सांगड घालण्याचे वजन कोणाच्या मर्जीवर ठेवलेले नव्हते. ते पुढील सूत्राने ठरते :

γ = σ² / (σ² + ψ)

येथे ψ हे प्रत्यक्ष आकलनाचे प्रचरण आहे. σ² हे समाश्रयणाने न उलगडलेल्या, गावागावांतील खऱ्या फरकाचे प्रचरण आहे. प्रत्यक्ष आकलनास γ इतके वजन मिळते आणि समाश्रयणाच्या अंदाजास उरलेले. नमुना भरपूर असेल तर ψ लहान होते, γ एकाजवळ जाते, आणि क्षेत्राचे स्वतःचे म्हणणे जवळजवळ जसेच्या तसे राहते. नमुना तुटपुंजा असेल तर शेजाऱ्यांची साक्ष अधिक ग्राह्य धरली जाते.

हे सूत्र आता कोल्हापूरच्या उदाहरणास लावू. ३३ जिल्ह्यांचे प्रत्यक्ष अंदाज घेतले, आणि २०११ च्या जनगणनेतील साक्षरता, कामकऱ्यांत शेतकऱ्यांचे प्रमाण व बँकसेवा वापरणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण यांच्याशी त्यांचे समाश्रयण केले. समजा, कोल्हापूरसारखी वैशिष्ट्ये असलेल्या जिल्ह्याचे अपेक्षित प्रमाण ४८ टक्के आले, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील न उलगडलेल्या फरकाचे प्रमाण विचलन ५ टक्के निघाले. मग σ² = ०.००२५, ψ = ०.००४५, आणि γ = ०.३६. संमिश्र अंदाज ०.३६ × ६० + ०.६४ × ४८, म्हणजे सुमारे ५२ टक्के येतो. त्याची त्रुटी γ व ψ यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे ४ टक्के आहे. पूर्वी ती ६.७ होती. नुसता नमुना वाढवून ही अचूकता गाठावयाची असती, तर १२८ ऐवजी सुमारे ३६० कुटुंबांकडे जावे लागले असते. प्रतिमानाने वाचविलेला खर्च तो हाच.

परंतु ही वाचवणूक उसनवारीवर झालेली आहे, आणि तिची किंमत कोणास मोजावी लागते हे पाहिले पाहिजे. कोल्हापूरच्या कुटुंबांनी ६० टक्के सांगितले. प्रतिमानाने ते ५२ वर आणले. कोल्हापुरातील सहकाराची बांधणी इतर जिल्ह्यांहून खरोखरच भक्कम असेल, साखर कारखाने, दूध संघ व सेवा संस्था यांचे जाळे दाट असल्यामुळे कर्ज अधिक घरांपर्यंत पोहोचत असेल, तर प्रतिमानाने नेमके तेच वेगळेपण छाटून टाकले. सर्व जिल्ह्यांची मिळून चूक कमी होते, हे स्टाइन यांचे आश्वासन खरे आहे. ते एकेका जिल्ह्यास मात्र लागू नाही. जो जिल्हा खरोखरच टोकाचा असतो, त्याला या सामुदायिक लाभाचा भुर्दंड पडतो.

फे व हेरिअट यांना याची जाणीव होती. अंतिम अंदाज प्रत्यक्ष अंदाजापासून एका प्रमाणत्रुटीहून अधिक दूर जाऊ द्यावयाचा नाही, असे बंधन त्यांनी घातले. कोल्हापूरच्या उदाहरणात ६० मधून ६.७ वजा करता ५३.३ उरतात. म्हणून ५२ ऐवजी ५३.३ हा आकडा मान्य झाला असता. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि ती अधिक महत्त्वाची होती. १९७३ मध्ये काही गावांची विशेष संपूर्ण गणना झाली होती. तिच्याशी तिन्ही अंदाज ताडून पाहिले. संमिश्र अंदाजाचा सरासरी फरक नमुन्याच्या अंदाजाहून आणि परगण्याच्या आकड्याहूनही कमी आढळला. प्रतिमानाचा पुरावा प्रतिमानाबाहेरून आणला गेला.

अशी बाह्य गणना हाताशी नसेल तेव्हा पहिली तपासणी शेषांची असते. प्रत्यक्ष व अपेक्षित यांतील १२ टक्क्यांच्या फरकास σ² + ψ च्या वर्गमुळाने, म्हणजे ८.४ टक्क्यांनी, भागले असता १.४ मिळतात. हा फरक दोनच्या आत आहे. एवढ्यावरून कोल्हापूर अपवादात्मक आहे असे म्हणता येत नाही, आणि नाही असेही सिद्ध होत नाही. मात्र सांगली, सातारा व कोल्हापूर अशा लगतच्या जिल्ह्यांचे शेष एकाच दिशेने जात असतील, तर समाश्रयणातून एखादे महत्त्वाचे कारण सुटले आहे असे समजावे. सहकाराच्या प्रश्नात ते कारण कोणते असेल हे ओळखणे कठीण नाही. सेवा संस्थांच्या सभासदांची दर कुटुंबामागील संख्या समाश्रयणात घेतली, आणि समजा, त्यामुळे कोल्हापूरचे अपेक्षित प्रमाण ५६ वर गेले व σ² ०.००१५ वर उतरले. आता γ ०.२५ होते, अंदाज ५७ येतो, आणि त्रुटी ३.४ टक्क्यांवर येते. जिल्ह्याच्या स्वतःच्या नमुन्याचे वजन कमी झाले, तरीही अंदाज नमुन्याच्या अधिक जवळ आला. जिल्ह्याचे वेगळेपण वाचविण्याचा खरा मार्ग वजनात फेरफार करणे हा नव्हे. त्या वेगळेपणाचे कारण समाश्रयणात आणणे हा आहे.

मात्र सभासदसंख्या ही नोंदवहीतील संख्या आहे. एका घरातील तीन सभासद असतात, मयत सभासदांची नावे वर्षानुवर्षे राहतात, आणि सभासद असूनही कर्ज न उचलणारे पुष्कळ असतात. हे दोष सर्व जिल्ह्यांत सारख्याच प्रमाणात असतील तर समाश्रयण ते सामावून घेते. एखाद्या जिल्ह्यात नोंदवह्या स्वच्छ केल्या गेल्या आणि दुसऱ्यात नाहीत, तर दोष अंदाजात उतरतो. जनगणनेच्या आकड्यांचेही तसेच आहे. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, आणि २०११ नंतर बँकखात्यांचा जो प्रसार झाला तो जुन्या प्रमाणात दिसत नाही. जुन्या साहाय्यक माहितीने प्रतिमान मोडत नाही. ते σ² वाढवून आपली अनिश्चितता कबूल करते. निदान तसे ते करीत आहे की नाही, हे पाहणे संशोधकाचे काम आहे.

दुसरी अडचण ψ विषयी आहे. वरील हिशेबात ते ज्ञात मानले. प्रत्यक्षात तेही सोळा गावांवरूनच काढावे लागते. योगायोगाने सोळाही गावांत सारखेच प्रमाण आढळले, तर ψ फार लहान निघते, γ एकाजवळ जाते, आणि जो अंदाज केवळ योगायोगाने स्थिर दिसला त्यावर सर्वाधिक विश्वास टाकला जातो. दुर्मीळ बाबीची चौकशी असेल आणि नमुन्यात ती एकाही घरी आढळली नाही, तर प्रचरण शून्य येते. म्हणजे पूर्ण अज्ञान हे पूर्ण खात्री म्हणून पुढे येते. यासाठी सर्व जिल्ह्यांची प्रचरणे एकत्र पाहून नमुन्याच्या आकाराशी त्यांचा संबंध जोडावा लागतो, आणि प्रत्येक जिल्ह्यास त्या संबंधावरून गुळगुळीत केलेले ψ द्यावे लागते.

तिसरी अडचण σ² ची. जिल्हे तेहतीसच असल्यामुळे त्याचा अंदाज कधी कधी शून्य येतो. मग γ सर्वत्र शून्य होते, आणि पाहणीत भेटलेल्या कुटुंबांचे म्हणणे कोणत्याच जिल्ह्याच्या अंदाजात स्वतंत्रपणे उरत नाही. फलितात एकाही जिल्ह्याचा अंदाज समाश्रयणाच्या रेषेवरून हललेला नाही असे दिसले, तर हे घडले आहे असे समजावे. शिवाय σ² व समाश्रयणाचे गुणांक हे स्वतः अंदाजच असल्याने वरील ४ टक्क्यांची त्रुटी किंचित आशावादी आहे. तिच्यात कोणती भर घालावी हे प्रसाद व जे. एन. के. राव यांनी १९९० मध्ये दाखविले. ती भर न घालता छापलेली त्रुटी वाचकाची दिशाभूल करते.

भारतात राष्ट्रीय नमुना पाहणी व जनगणना यांची सांगड घालून जिल्हावार अंदाज काढण्याचे काम या शतकात झाले. भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेतील हुकुम चंद्र यांनी उत्तर प्रदेशातील जिल्ह्यांसाठी केलेले काम त्यांत उल्लेखनीय आहे. पाहणीच्या रचनेतही बदल झाले. जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय पाहण्यांत जिल्हा हा मूलभूत स्तर मानण्यात आला आहे. यामुळे जिल्ह्याच्या वाट्यास येणारी कुटुंबे वाढली, तर γ वाढेल आणि प्रत्यक्ष अंदाजाचे वजनही वाढेल. सूत्र तेच राहील. केवळ तराजूचे पारडे फिरेल.

लघुक्षेत्र या संज्ञेतील लघुत्व भूमीचे नाही, नमुन्याचे आहे. सुमारे एकोणचाळीस लाख वस्तीचा कोल्हापूर जिल्हा १२८ कुटुंबांच्या पाहणीत लघुक्षेत्र ठरतो, आणि सोवनींच्या पाहणीतील कोल्हापूर शहर त्याहून पुष्कळ लहान असूनही तसे ठरत नाही. उद्या जिल्ह्याचा आकडा पक्का झाला, की मागणी तालुक्याकडे सरकेल, जशी ती पिकांच्या बाबतीत विकासगटाकडे सरकली होती. गगनबावड्याचे एकही गाव ज्या नमुन्यात नाही, त्याच्या आधारे काढलेला गगनबावड्याचा अंदाज हा सर्वस्वी समाश्रयणाचा असेल. तो छापण्यास हरकत नाही. परंतु प्रत्यक्ष अंदाज, प्रतिमानाचा अंदाज, दोघांच्या त्रुटी आणि त्या तालुक्यातून भेटलेल्या कुटुंबांची संख्या या पाचही गोष्टी एकाच ओळीत छापल्या पाहिजेत. पाचव्या रकान्यात शून्य असेल, तर तेही वाचकास दिसले पाहिजे.